ठाण्याच्या फ्लॅटवर कमी मुद्रांक शुल्काची नोटीस: किती भरायचं आणि काय नाकारायचं

प्रश्न: सर, जून २०२३ मध्ये मी आणि बायकोने घोडबंदर रोडला रिसेलचा फ्लॅट घेतला, खरेदीखत ९२ लाखांचं. एजंट म्हणाला, पहिलं नाव मॅडमचं टाका, एक टक्का सूट मिळते. म्हणून मुद्रांक शुल्क ५,५२,००० भरलं. आता दुय्यम निबंधक कार्यालयाची नोटीस आली आहे, ऑडिटमध्ये १,०९,५०० कमी निघाले म्हणे, वर दंड वेगळा. मूळ दस्त बँकेत आहे. एजंट म्हणतो उत्तरच देऊ नका, अभय योजना येईल. मेहुण्याने याच एजंटकडून आठ महिन्यांपूर्वी ऐरोलीत असाच फ्लॅट घेतला, त्याला अजून काही आलेलं नाही. दंड टाळता येईल का? आणि आमच्या नेरुळच्या भाडेकरारावरही अशी नोटीस येऊ शकते का? नोटीस, इंडेक्स टू आणि मूल्यांकन पत्रक सोबत पाठवतो.

उत्तर:

कागद पाहिले. १,०९,५०० पैकी ९२,००० रुपये तुमचं खरं देणं आहे, उरलेले १७,५०० नाहीत. दंड तुमच्या बाबतीत पूर्ण टळणार नाही, पण तो दर महिन्याला वाढतो आहे आणि ते वाढणं थांबवणं तुमच्या हातात आहे. मेहुण्याचा मात्र पूर्ण टळू शकतो, तोही आत्ता हालचाल केली तरच. म्हणून खरी घाई त्याला आहे.

आधी ही नोटीस आली कशी ते समजून घ्या, म्हणजे उत्तर कुणाला आणि कशाचं द्यायचं ते कळेल. दस्त नोंदवला की विषय संपला असं आपण धरून चालतो. तो संपत नाही. नोंदवलेल्या दस्तांची नंतर तपासणी होते, नोंदणी विभागाची स्वतःची आणि महालेखापालांचीही. तपासणी करणारा कागद पाहतो, माणसं नाही. सूची क्रमांक दोन, म्हणजे तुमचं इंडेक्स टू, यात मोबदला, बाजारभाव, पक्षकारांची नावं आणि भरलेलं शुल्क एकाच पानावर असतं. घेणारे दोघे, त्यातला एक पुरुष, आणि शुल्क मात्र महिला सवलतीच्या दराने, ही विसंगती शोधायला अर्धं मिनिट लागत नाही. आक्षेप निघाला की तो दुय्यम निबंधकाकडे येतो आणि तो तुम्हाला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३-अ खाली नोटीस काढतो. चुकीने किंवा अन्य कारणाने कमी मुद्रांकाचा दस्त नोंदवला गेला असेल तर मूळ दस्त मागवायचा, तुमचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी नोंदवायची, त्यांची प्रत तुम्हाला द्यायची आणि मग दस्त जप्त करायचा, असा त्या कलमाचा क्रम आहे. पुढचा निर्णय मुद्रांक जिल्हाधिकारी घेतात. म्हणजे तुमच्या हातात आज जे आहे तो अंतिम हुकूम नाही. तुमचं म्हणणं मागवणारं पत्र आहे. नोटिशीत छापलेला आकडा हा ऑडिटचा आकडा असतो आणि तो निम्म्या वेळा तरी तपासून घेण्यासारखा असतो.

आता तुमचा आकडा. नोटिशीच्या दुसऱ्या पानावर दोन आक्षेप एकात एक गुंतवलेले आहेत, ते सोडवून पाहू.

पहिला आक्षेप सवलतीचा. ठाणे महापालिका हद्दीत २०२३ च्या जूनमध्ये खरेदीवर एकूण ७ टक्के लागत होते: मूळ मुद्रांक शुल्क ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १, आणि शहरी वाहतूक प्रकल्पांसाठीचा १, ज्याला सगळे मेट्रो सेस म्हणतात. हा शेवटचा एक टक्का मधली दोन वर्षं माफ होता, तो १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. १ एप्रिल २०२१ पासून महिलांना निवासी घराच्या खरेदीत एक टक्का सूट आहे, पण ती घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे होत असेल तर. नवराबायको दोघांच्या नावे घेतलं तर नाही. पहिलं नाव कुणाचं याचा संबंध नाही. ‘पहिलं नाव मॅडमचं’ ही समजूत वीजबिलाच्या किंवा शेअर सर्टिफिकेटच्या हिशेबातून आली असावी. मुद्रांक शुल्कात तिला आधार नाही. तेव्हा ९२ लाखांवर ७ टक्क्यांनी ६,४४,००० हवे होते, भरले ५,५२,०००, कमी पडले ९२,०००. इथे भांडण्यासारखं काही नाही, आणि ज्यात दम नाही ते भांडलात तर जिथे दम आहे ते म्हणणंही कुणी गांभीर्याने घेत नाही.

काही जण विचारतात की आता नवऱ्याचं नाव काढून टाकलं तर? उपयोग नाही. शुल्क ठरतं ते दस्तावर सह्या झाल्या त्या दिवशी दस्तात काय लिहिलं होतं त्यावरून. नंतर हक्क सोडलात तर तो नवा व्यवहार झाला, त्याचा खर्च वेगळा, आणि जुनी तूट जिथल्या तिथे. चूक दुरुस्ती दस्ताचंही तेच. फ्लॅट नंबर चुकला असेल तर त्याने सुधारता येतो. त्याने शुल्काची तूट भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप बाजारमूल्याचा, आणि इथे नोटीस चुकली आहे. शुल्क लागतं ते दस्तातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरपत्रकाप्रमाणे येणारं बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर. नोंदणीच्या वेळी तुमच्या मूल्यांकन पत्रकात बाजारमूल्य ८१,६०,००० आलं होतं, ९२ लाखांपेक्षा कमी, म्हणून ९२ लाख धरले गेले. ऑडिटने तेच बाजारमूल्य ९४,५०,००० काढलं आहे. फरक कुठून आला हे पत्रकावर बोट ठेवून दाखवता येतं.

तुमच्या विभागाचा फ्लॅटचा दर पत्रकात चौरस मीटरला १,५०,००० आहे. फ्लॅट आठव्या मजल्यावर, लिफ्टची इमारत, म्हणून दरात ५ टक्के वाढ: १,५७,५००. इथपर्यंत दोन्ही हिशेब सारखे. पुढची ओळ घसाऱ्याची. इमारत चौदा वर्षांची म्हणून पत्रकात ८० टक्के धरले आहेत. पण हे ८० टक्के सगळ्या दराला लागत नाहीत. जमीन झिजत नाही, बांधकाम झिजतं. म्हणून आधी दरातून खुल्या जमिनीचा दर वजा करायचा, उरलेल्या बांधकामाच्या भागाला ८० टक्के लावायचे आणि जमिनीचा दर पुन्हा मिळवायचा. तुमच्याकडे जमिनीचा दर ५०,००० आहे. १,५७,५०० वजा ५०,००० म्हणजे १,०७,५००. त्याचे ८० टक्के ८६,०००. त्यात ५०,००० मिळवले की १,३६,०००. बांधीव क्षेत्र ६० चौरस मीटर, गुणाकार ८१,६०,०००. पत्रक बरोबर आहे.

ऑडिटने घसाराच दिलेला नाही. १,५७,५०० गुणिले ६० केलं की थेट ९४,५०,००० येतात. त्यावर ७ टक्के ६,६१,५००, त्यातून तुमचे ५,५२,००० वजा, उरले १,०९,५००. नोटिशीतला आकडा हाच.

घसारा का नाकारला याचं कारण आक्षेपाच्या शेऱ्यात आहे: ‘इमारतीच्या वयाचा पुरावा दस्तासोबत आढळत नाही.’ हे रिसेलच्या दस्तांत नेहमी होतं. दस्तात कुठेतरी ‘सदर इमारत सन २००९ मध्ये पूर्ण झाली’ एवढंच वाक्य असतं आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडायचं राहतं. नोंदणीच्या टेबलावर चालून जातं, ऑडिटला चालत नाही. उपाय सोपा आहे. सोसायटीकडून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घ्या. ते सापडत नसेल तर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या आणि सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र द्या. इमारत तेव्हा उभी होती एवढं त्यातून दिसतं. तरी भोगवटा प्रमाणपत्राची सर कशालाच नाही, आणि ते महापालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकारात अर्ज करूनही मिळवता येतं. वय सिद्ध झालं की बाजारमूल्य पुन्हा ८१,६०,००० वर येतं, ९२ लाख हीच जास्त किंमत ठरते आणि १७,५०० ची मागणी गळून पडते.

जाता जाता: नोंदणी फीचा यात प्रश्न नाही. ती तुम्ही कमाल मर्यादेची, ३०,००० रुपयांची, भरलेलीच आहे.

दंडाचं गणित याहून सोपं, पण लोक नेमके यातच फसतात. कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के, महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरून, आणि मोजणी नोटिशीच्या तारखेपासून नव्हे, दस्तावर सह्या झाल्या त्या तारखेपासून. कमाल मर्यादा तुटीच्या चौपट. ही चौपटीची गोष्ट सांगून घाबरवणारे पुष्कळ भेटतील, पण दोन टक्क्यांनी चौपट व्हायला दोनशे महिने लागतात.

तुमच्या सह्या १४ जून २०२३ च्या. तूट ९२,००० धरली तर महिन्याचा दंड १,८४०. १३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत बत्तीस महिने होतात, म्हणजे ५८,८८०. एकूण १,५०,८८०. हीच गोष्ट नोटिशीच्या आकड्याने केली तर महिन्याला २,१९० पडतात, बत्तीस महिन्यांचे ७०,०८०, आणि एकूण १,७९,५८०. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राच्या एका कागदाची किंमत १७,५०० नाही, २८,७०० रुपये आहे. आणि १४ फेब्रुवारी उजाडली की तेहेतिसावा महिना लागला. सुनावणीची तारीख स्वतःहून पुढे मागणाऱ्यांना मी हेच सांगतो: तारीख फुकट मिळत नाही, महिन्याला दोन टक्के पडते.

आता उत्तर. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी द्या, टपालाने नव्हे, स्वतः आवक कक्षात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. लांबलचक कैफियत नको. साधारण असं:

‘विषय: दस्त क्रमांक (टनन... / ... / २०२३), कलम ३३-अ ची नोटीस.
महोदय, वरील दस्तात खरेदीदार आम्ही पती व पत्नी दोघे असून महिला सवलत चुकीने घेतली गेली आहे. त्यापोटी येणारी रु. ९२,००० ची तूट आम्हांस मान्य असून ती नियमानुसार होणाऱ्या दंडासह भरण्यास आम्ही तयार आहोत. कृपया मागणीपत्र देण्यात यावे.
बाजारमूल्याबाबतचा आक्षेप आम्हांस मान्य नाही. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यानुसार घसारा देऊन बाजारमूल्य रु. ८१,६०,००० येते, ते मोबदल्यापेक्षा कमी आहे. या मुद्द्यावर सुनावणीची संधी द्यावी व निर्णयाची कारणांसह प्रत मिळावी.
मूळ दस्त गृहकर्जापोटी बँकेकडे तारण आहे. बँकेचे पत्र व दस्ताची प्रमाणित प्रत सादर करीत आहोत.’

दस्त क्रमांकापुढे ‘टनन’ आणि आकडा असतो, तो कार्यालय ओळखायचा खुणेचा शब्द. ठाण्यात आणि नवी मुंबईत एकाहून जास्त कार्यालयं असल्याने कागद चुकीच्या कार्यालयात पडून राहणं नवीन नाही, तेव्हा तो आकडा नीट लिहा.

मूळ दस्त बँकेत आहे म्हणून घाबरू नका आणि त्याचा बहाणाही करू नका. मूळ दस्त हजर केला नाही तर नोंदणी कार्यालयातली खरी प्रत हीच मूळ समजून कारवाई चालवता येते, हे कलमातच लिहिलेलं आहे. काही जण ‘मूळ कागदच देत नाही, बघू काय करतात’ म्हणून बसतात. त्याने काहीच अडत नाही, दंड तेवढा वाढतो. बँकेला मात्र लेखी कळवा. तूट भरल्यावर योग्य शुल्क भरल्याचा शेरा दस्तावर करून घ्यावा लागतो, त्या दिवशी बँकेला मूळ दस्त बाहेर काढावा लागेल आणि त्यांच्या तिजोरीतून कागद निघायला आठवडे लागतात.

पैसे भरताना एक काळजी घ्या. नोटीस बघून घाईघाईने नेहमीचं मुद्रांक शुल्काचं चलन स्वतःच काढून मोकळे होऊ नका. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांचं मागणीपत्र येऊ द्या, त्यात तूट किती, दंड किती आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायचं ते असतं. मग ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर त्याच शीर्षाखाली चलन काढा आणि शेऱ्याच्या रकान्यात दस्त क्रमांक घाला. चुकीच्या शीर्षाखाली भरलेली रक्कम सरकारकडे जाते खरी, पण तुमच्या दस्ताला लागत नाही. ती परत मिळवायचा अर्ज वेगळा आणि दंड तोवर चालूच. भरल्यावर चलन कार्यालयात डिफेस झालं का, म्हणजे ते वापरलं गेल्याची नोंद झाली का, ते पाहा, आणि कलम ४१ चा शेरा दस्तावर मिळेपर्यंत प्रकरण मिटलं असं समजू नका. पुढे फ्लॅट विकताना खरेदीदाराच्या बँकेचा वकील पावती मागत नाही, हा शेरा मागतो.

रोख किंवा कुणाच्या फोनवर यूपीआयने पैसे मागणारा ‘कार्यालयातला माणूस’ भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सरकारी तूट चलनानेच भरली जाते. नोटीस खरी आहे का याची शंका असेल तर तिच्यावरचा जावक क्रमांक घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, आणि आपली सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर स्वतः काढून ताडून पाहा.

समजा भोगवटा प्रमाणपत्र देऊनही जिल्हाधिकाऱ्यांनी १,०९,५०० च कायम केले, तर हुकूम हातात पडल्यापासून साठ दिवसांत मुख्य नियंत्रक महसुली प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. १७,५०० साठी ते करावं का? दंडासह २८,७०० होतात. वकिलाची फी आणि हेलपाटे धरले तर हिशेब काठावर येतो. माझं मत विचाराल तर सुनावणीलाच सगळा जोर लावा. घसाऱ्याचा मुद्दा इतका सरळ आहे की कागद समोर असेल तर तो तिथेच सुटायला हवा.

एजंटचा अभय योजनेचा, म्हणजे शुल्क-दंडात सवलत देणाऱ्या सरकारी योजनेची वाट पाहण्याचा, सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेली योजना १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातल्या दस्तांसाठी होती आणि ती २०२४ मध्ये संपली. तुमचा दस्त २०२३ चा, म्हणजे ती चालू असती तरी तुम्ही तिच्यात बसला नसता. नवी कधी येईल आणि तिच्यात कोणतं साल असेल यावर महिन्याला १,८४० रुपये लावायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. शिवाय उत्तर न दिल्याने नोटीस मागे जात नाही. तुमच्या गैरहजेरीत ऑडिटचाच आकडा कायम होतो, आणि ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. एजंटकडून वसुलीचं म्हणाल, तर कायद्याच्या नजरेत खरेदीवरचं शुल्क भरायची जबाबदारी खरेदीदाराची. त्याने सल्ला लेखी दिला असेल, निदान मेसेजवर, तर दंडापुरता त्याच्याशी बोलायला जागा आहे. मूळ ९२,००० तुम्हाला तेव्हाही भरावेच लागले असते.

आता मेहुणा. त्याचं प्रकरण तुमच्यासारखंच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या: सह्या होऊन वर्ष झालेलं नाही आणि नोटीस आलेली नाही. या दोन्ही गोष्टी असतील तेव्हाच उपयोगी पडणारं एक कलम आहे, कलम ४०. दस्ताला कमी मुद्रांक लागला आहे हे माणसाने आपणहून, सह्यांच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेला आणून दिलं, उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवली, आणि ही चूक अपघाताने, गैरसमजाने किंवा निकडीने झाली असं त्यांना पटलं, तर दस्त जप्त न करता आणि दंड न लावता ते नुसती तूट भरून घेऊ शकतात. ‘शकतात’ हे लक्षात ठेवा. तो त्यांचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. पण महिला सवलतीचा गैरसमज हे पटण्यासारखं कारण आहे, कारण दस्तात दोघांची नावं उघड आहेत, काही लपवलेलं नाही. किंमत दडवलेली असती तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

‘आपणहून’ हा या कलमाचा जीव आहे. एकदा नोटीस दारात आली की मग मी स्वतःहून आलो म्हणणं अवघड. म्हणून त्याने वर्ष संपायची वाट पाहू नये, आणि वर्ष मोजताना नोंदणीची नाही, पहिल्या सहीची तारीख धरावी. सही आणि नोंदणी यांत काही आठवड्यांचा फरक असलेले दस्त मी भरपूर पाहतो, तिथेच मुदत हुकते.

त्याने करायचं इतकंच: मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, त्यात कलम ४० चा स्पष्ट उल्लेख, सोबत मूळ दस्त, सूची क्रमांक दोन, भरलेलं चलन, मूल्यांकन पत्रक, आणि सवलत कशी चुकीने घेतली गेली ते सांगणारं दोघांचं प्रतिज्ञापत्र. अर्जात तुटीचा आकडा स्वतः मांडावा. त्याची किंमत तुम्ही लिहिलेली नाही. ७० लाख धरली तर तूट ७०,००० होते. हीच तूट अडीच वर्षांनी नोटिशीने आली असती तर वर ४२,००० दंड बसला असता. त्याचाही फ्लॅट रिसेलचा असेल तर त्याच अर्जासोबत भोगवटा प्रमाणपत्र जोडून टाका, नाहीतर तपासताना घसाऱ्याचा आक्षेप तिथेही निघेल.

वर्ष उलटून गेलं असेल तर? तरीही स्वतः जाऊन भरता येतं, फक्त मग दंड लागतो. तो लवकर गेलेल्याला कमी लागतो, एवढाच फरक. ‘कुणाच्या लक्षात येणार नाही’ या भरवशावर बसणाऱ्यांनी हे धरून चालावं की नोंदवलेल्या दस्ताचं बाजारमूल्य तपासायला जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३२-अ खाली नोंदणीपासून दहा वर्षं आहेत.

नेरुळच्या भाडेकराराची फारशी काळजी करू नका. लिव्ह अँड लायसन्सला शुल्क एकूण भाडं, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर पाव टक्का. ऑनलाइन नोंदवला तर हिशेब प्रणालीच करते, चूक होते ती आकडे भरताना. एक नमुना सांगतो. छत्तीस महिने, दोन लाख अनामत, भाडं पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३१,५००, तिसऱ्या वर्षी ३३,५००. भाड्याची बेरीज ११,४०,०००, अनामतीवरचं व्याज ६०,०००, एकूण बारा लाख, शुल्क ३,०००. भरणाऱ्याने तिन्ही वर्षं ३०,००० च टाकले आणि वाढ नुसती अटींमध्ये लिहिली, तर शुल्क दीडशे रुपयांनी कमी पडतं. तुमच्या करारात भाडेवाढीचं कलम असेल तर भाड्याचा तक्ता आणि ते कलम जुळतं का एवढं पाहा. लिव्ह अँड लायसन्समध्ये मोठी तूट निघते ती मुदत साठ महिन्यांच्या पुढे गेली तर किंवा दुकानाचा खरोखरचा भाडेपट्टा लिव्ह अँड लायसन्सच्या नावाने लिहिला तर. तुमचं राहतं घर, तीन वर्षांचा करार. त्यात हे नाही.

या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीकडे भोगवटा प्रमाणपत्र मागा, बँकेला पत्र द्या, आणि मेहुण्याला त्याच्या दस्तावरची पहिल्या सहीची तारीख बघायला सांगा.